८० टक्क्यांचा नेमका आकडा कुठून आला: साठ पॉवर पॅकच्या अंदाजाचं प्रकरण

ग्राहकाने मोठ्या आकाराच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकचे आणखी साठ नग मागितले. त्याआधी तसेच साठ नग आम्ही पाच लॉटमध्ये बनवून दिले होते. प्रश्न साधा होता: पुढच्या साठ नगांना, म्हणजे ६१ ते १२० या नगांना, असेंब्लीचे किती तास लागतील? माझ्या हाताखालच्या तरुण इंजिनीअरने दोन दिवसांत उत्तर आणलं. सरासरी ६२ तास, एकूण ३७२७. सोबत लॉग-लॉग कागदावर जवळजवळ सरळ पडलेली पाच टिंबं, रेघ टिंबांना किती चपखल बसते ते सांगणारा आर-स्क्वेअर ०.९९, आणि "मॅडम, बरोबर ८० टक्क्यांची लर्निंग कर्व्ह निघाली, पुस्तकातलीच" असं समाधान. ते समाधानच मला खटकलं. अखेर आम्ही कोटेशन दिलं ते ४१९४ तासांचं. मधल्या ४६७ तासांची ही गोष्ट आहे, आणि त्यातला एकही तास गणिताच्या चुकीमुळे आलेला नाही.

लर्निंग कर्व्हचं म्हणणं असं: एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका नगाला लागणारे तास ठरावीक टक्क्यांवर येतात. ८० टक्क्यांची कर्व्ह म्हणजे दहाव्या नगाला १०० तास लागले असतील तर विसाव्याला ८० आणि चाळिसाव्याला ६४. कमी होतात ते २० टक्के, पण कर्व्हचं नाव ८०. त्यामुळे कर्व्हचा आकडा जितका मोठा तितकं शिकणं हळू, हे डोक्यात पक्कं ठेवावं लागतं. सूत्र एका ओळीचं आहे:

```
y = a * x^b
ln(y) = ln(a) + b * ln(x)
rate = 2^b
```

`x` म्हणजे सुरुवातीपासून मोजलेला नगाचा क्रमांक, `y` म्हणजे त्या नगाचे तास आणि `a` म्हणजे पहिल्या नगाचे तास. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की वाकडी रेघ सरळ होते आणि तिचा उतार `b` मिळतो. टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानांच्या मजुरीवर हे मांडलं, आणि ८० टक्के हा आकडा तिथूनच सगळ्यांच्या तोंडी बसला. विमानाच्या सांगाड्याचं ते प्रमाण आपल्या कामाला लागू असेलच असं काही नाही. तरीही उत्तर ८० आलं की माणूस तपासणं थांबवतो.

तासच का घेतले, पैसे का नाहीत, तेही सांगते. पॉवर पॅकच्या खर्चात पंप, मोटर, व्हॉल्व्ह असा विकत घेतलेला माल मोठा असतो, आणि आपला फिटर हुशार झाला म्हणून पंपाची किंमत उतरत नाही. माल आणि मजुरी एकत्र करून लॉग घेतला तर रेघ सुरुवातीला उतरते आणि पुढे आडवी होत जाते, कारण न शिकणारा भाग तळाला तसाच राहतो. शिवाय मजुरीचा दर मधेच वाढला तर शिकणं मंदावल्यासारखं दिसतं. म्हणून शिकणाऱ्या तासांची कर्व्ह वेगळी काढायची, आणि माल व दर शेवटी जोडायचे.

आमच्याकडची नोंद अशी होती:

| लॉट | नग क्रमांक | नोंदलेले एकूण तास | नगामागे तास |
|---|---|---|---|
| १ | १–४ | ७६० | १९० |
| २ | ५–१२ | १००० | १२५ |
| ३ | १३–२४ | १२१२ | १०१ |
| ४ | २५–४० | १३९२ | ८७ |
| ५ | ४१–६० | १६२० | ८१ |

मला आधी खटकला तो पहिला लॉट. १९० वरून थेट १२५ ही उडी फार मोठी वाटत होती, म्हणून त्या चार नगांची जॉब कार्डं मागवली. नग क्रमांक २ च्या कार्डावर पाइपिंगच्या तासांखाली पेन्सिलीने वेगळी ओळ होती: "फिक्स्चर, बेंडिंग टेम्प्लेट." असेंब्लीच्या फोरमनना विचारलं तेव्हा उलगडा झाला. पहिल्या नगाचे पाइप वाकवताना फिटरने प्रत्येक पाइप लावून पाहिला, काढला, पुन्हा वाकवला. दुसऱ्या नगाच्या वेळी वैतागून त्यांनी पत्र्याचं टेम्प्लेट केलं, आणि मॅनिफोल्ड धरायला फिक्स्चर वेल्ड करून घेतलं. त्यासाठी वेगळा जॉब नंबर उघडलेला नव्हता, म्हणून ते तास पॉवर पॅकच्याच कार्डावर चढले. चारही कार्डं मिळून असे १०० तास निघाले.

फिक्स्चर एकदाच बनतं. त्याच्यामुळे पुढचं काम वेगाने होतं ते शिकणंच आहे आणि ते कर्व्हमध्ये यायलाच हवं. पण ते बनवायला लागलेला वेळ हा पहिल्या चार नगांच्या असेंब्लीचा वेळ नाही. तो टूलिंगचा खर्च आहे. १०० तास काढले की पहिला लॉट ६६० तासांवर, म्हणजे नगामागे १६५ वर येतो.

आता गंमत पाहा. जुन्या नोंदीत १०० तास जास्त असले तर पुढचा अंदाजही फुगेल, असं सहज वाटतं. होतं उलटं. जास्तीचे तास रेघेच्या अगदी डाव्या टोकाला बसतात, ते टोक वर उचलतात, रेघ जास्त तिरकी होते आणि उजवीकडे वाढवली की खाली जाते. बाकी सगळं बरोबर ठेवून फक्त हे १०० तास आत राहू दिले, तर पुढच्या साठ नगांची सरासरी ७० ऐवजी ६६.४ येते. लॉगच्या अक्षावर पहिला लॉट बाकीच्यांपासून फार दूर एकटा पडतो, म्हणून एकटाच तो सगळा उतार हलवू शकतो. जेवढी चौकशी करायची ती पहिल्या लॉटची आधी करावी, असं मी तेव्हापासून मानते.

दुसरी चूक आडव्या अक्षावर होती, आणि ही मी फार जणांना करताना पाहिली आहे. लॉटची सरासरी कोणत्या `x` समोर मांडायची? आमच्या इंजिनीअरने प्रत्येक लॉट संपला तेव्हाचं एकूण उत्पादन घेतलं: ४, १२, २४, ४०, ६०. पण १ ते ४ या नगांची सरासरी ही काही चौथ्या नगाची किंमत नव्हे. चौथा नग सरासरीपेक्षा स्वस्तच झालेला असतो. लॉटमधला ज्या क्रमांकाचा नग त्या लॉटच्या सरासरीइतके तास खातो, तो लॉटचा खरा मध्यबिंदू, आणि सरासरी त्याच्यासमोर मांडायची.

हा मध्यबिंदू नेमका काढायला `b` लागतो आणि `b` काढायला मध्यबिंदू लागतो. त्यावर व्यवहारात चालणारी एक सोपी युक्ती आहे. `F` लॉटचा पहिला नग आणि `L` शेवटचा धरला तर:

```
mid = (F + L + 2*sqrt(F*L)) / 4
```

आमच्या पाच लॉटना यातून २.२५, ८.१२, १८.०८, ३२.०६ आणि ५०.०५ मिळाले. साध्या मध्यापेक्षा किंचित अलीकडे, कारण लॉटच्या सुरुवातीचे नग महाग असतात. `b` हाती आल्यावर मी मध्यबिंदू परत नेमके काढून पाहिले. फरक दिसला तो पहिल्या लॉटमध्येच, २.२५ ऐवजी २.१४. बाकीचे जागचे हलले नाहीत.

मग उरलं ते स्प्रेडशीटचं काम. `B` मध्ये मध्यबिंदूंचा `LN`, `C` मध्ये नगामागच्या तासांचा `LN`:

```
=SLOPE(C2:C6, B2:B6)
=EXP(INTERCEPT(C2:C6, B2:B6))
```

`SLOPE` ला आधी `y` आणि मग `x` द्यावा लागतो. उलटं दिलं तरी तो तक्रार करत नाही, फक्त चुकीचा उतार देतो. आमचं उत्तर: `b` = -०.२३६, पहिला नग २०१ तासांचा, आणि २ चा तेवढा घात घेतला की ०.८४९. म्हणजे कर्व्ह ८५ टक्क्यांची.

दोन्ही चुका एकत्र असताना `b` येत होता -०.३१९, आणि त्यातून ८०.२ टक्के. फिक्स्चरचे तास आणि लॉटचं शेवटचं टोक, या दोन्हींनी रेघ एकाच दिशेने तिरकी केली आणि योगायोगाने ती पुस्तकातल्या आकड्यावर जाऊन बसली. पुढचा साठचा लॉटही १२० या टोकासमोर वाचला गेला, म्हणून ६२ तास.

हे ओळखायचं कसं? आर-स्क्वेअरने नाही. फिक्स्चरचे तास काढूनही लॉटची टोकं तशीच ठेवली, तर आर-स्क्वेअर ०.९९७ येतो आणि मध्यबिंदू घेतले तरी ०.९९७ च. एकीकडे ८३ टक्के, दुसरीकडे ८५. सतत उतरणाऱ्या पाच टिंबांना लॉगच्या कागदावर चांगला आर-स्क्वेअर मिळणारच, त्यात विशेष काही नाही.

दिसतं ते उरलेल्या फरकांत. इंजिनीअरच्या रेघेनुसार पाच लॉटचे तास यायला हवे होते १८४, १३०, १०४, ८८ आणि ७८. नोंद होती १९०, १२५, १०१, ८७ आणि ८१. पहिलं टिंब रेघेच्या वर, मधली तिन्ही खाली, शेवटचं पुन्हा वर. फरक असे वाटीसारखे वाकलेले दिसले की समजावं, एका टोकाला काहीतरी चुकीचं चिकटलं आहे. त्याहून सोपी खूण म्हणजे शेवटचा लॉट. नुकताच ८१ तासांत झालेला लॉट जी रेघ ७८ मध्ये झाला म्हणते, ती रेघ पुढच्या साठ नगांसाठी वापरायची कशाला? दुरुस्त रेघेने १६६, १२३, १०२, ८९, ८० दिले. फरक दोन टक्क्यांच्या आसपास, आणि वरखाली विखुरलेले.

इथे राइट यांच्या मूळ मांडणीचा एक मुद्दा येतो, कारण आमच्या वरिष्ठांनी तो काढला होता. राइट यांची रेघ एकेका नगाच्या तासांची नव्हती, ती पहिल्या नगापासून आजवरच्या सरासरीची होती. तशी मांडणी केली तर लॉटचं टोकच बरोबर `x` ठरतं, मध्यबिंदूची भानगडच नाही. आम्ही तीही करून पाहिली. साठ नगांअखेरची सरासरी ९८ तास, आणि कर्व्ह ८७ टक्क्यांची. त्याच नोंदी, तरी एकदा ८५ आणि एकदा ८७, कारण मोजतोय ती वस्तूच वेगळी आहे. एकीकडचा टक्का दुसरीकडच्या सूत्रात घातला की अंदाज बिघडलाच. आणि या दुसऱ्या रेघेवर १२० समोर दिसणारे ८७ तास ही पुढच्या साठ नगांची सरासरी नव्हे, ती १ ते १२० अशा सगळ्यांची आहे. पुढच्या साठांसाठी १२० पर्यंतच्या एकूण तासांतून ६० पर्यंतचे वजा करावे लागतात. तसं केल्यावर ४४५१ तास आले, नगामागे ७४.

७० घ्यावे की ७४? मी ७० घेतले. आजवरच्या सरासरीत जुना इतिहास प्रत्येक टिंबात मिसळलेला असतो. पहिल्या लॉटमधली चूक तिथे पाचही टिंबांत शिरते, शिवाय रेघ मऊ दिसते आणि अलीकडचा बदल उशिरा कळतो. आमच्याकडे लॉटवार नोंद धड होती, तेव्हा ती पुसट करून वाचण्याचं कारण नव्हतं. नोंद फक्त एकूण तासांचीच असती तर मी राइट यांच्या पद्धतीने गेले असते.

साठ नगांचे तास काढताना मधल्या एका नगाचे तास गुणिले साठ असं न करता ६१ ते १२० ची बेरीज केली. बेरजेऐवजी अर्ध्या नगाने सरकवलेलं हे सूत्र पुरेसं नेमकं आहे:

```
total = a/(1+b) * (120.5^(1+b) - 60.5^(1+b))
```

उत्तर ४१९४, नगामागे ६९.९. पाचच टिंबांवर काढलेली रेघ असल्याने तिच्याभोवती ९५ टक्के खात्रीचा पट्टाही काढला. तो साधारण पाच टक्के वर आणि पाच टक्के खाली, म्हणजे ६६ ते ७४ तास. आधीचे ६२ या पट्ट्याच्या साफ बाहेर होते. व्यवस्थापनाला मी हा पट्टाच दाखवला आणि कोटेशन मधल्या आकड्यावर दिलं.

आता जे माझ्याकडून सुटलं ते. हा पट्टा जुन्या लॉटमधल्या चढउतारांवर बेतलेला होता, आणि ते पाचही लॉट एकामागून एक, खंड न पडता झाले होते. नवी ऑर्डर पक्की होऊन काम सुरू व्हायला पाच महिने गेले. मधल्या काळात पाइपिंगच्या दोन फिटरांपैकी एक दुसऱ्या लाइनवर गेला, आणि बेंडिंग टेम्प्लेटांपैकी तीन कुठे ठेवली ते कुणालाच आठवेना. ती पुन्हा करावी लागली. या वेळी निदान त्यांचे तास वेगळ्या जॉब नंबरावर टाकले.

सहावा लॉट वीस नगांचा होता, ६१ ते ८०. अंदाज ७४ तासांचा, लागले ८४. सूत्र उलटं फिरवून पाहिलं: ८४ तास आमच्या रेघेवर कोणत्या नगाला येतात? साधारण चाळिसाव्या. लॉटचा मध्यबिंदू सत्तराच्या आसपास होता. म्हणजे पाच महिन्यांच्या खंडाने आम्ही रेघेवर तीस नग मागे गेलो होतो. खंडाचा परिणाम असा नगांत मोजला की त्याचा पुढच्या लॉटसाठी थेट उपयोग होतो. तासांत दहा टक्के किंवा पंधरा टक्के वाढवून ठेवले तर ती वाढ शेवटच्या नगापर्यंत तशीच चिकटून राहते, प्रत्यक्षात ती विरत जाते.

सातवा लॉट चाळीस नगांचा. तीस नग मागेच राहिलो असं धरलं तर ७४ तास यायला हवे होते, खंड पडलाच नसता तर ६८. प्रत्यक्षात ७१ लागले. तेही उलटं फिरवलं तर साधारण ८३ व्या नगाची जागा येते, आणि खरा मध्यबिंदू होता जवळजवळ १००. तीसची पिछाडी सतरावर आली होती. विसरलेलं काम नव्याने शिकण्यापेक्षा लवकर परत येतं, हे फोरमन मला आधीपासून सांगत होते. आकड्यांत ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दोन्ही लॉट मिळून ४५२० तास झाले, कोटेशनपेक्षा ३२६ जास्त. पहिल्या अंदाजावर गेलो असतो तर ही तूट ७९३ तासांची झाली असती.

यानंतर सातही लॉट एकाच रेघेत घालून नवी कर्व्ह काढावी असा प्रस्ताव आला. ती काढली तर ८६ टक्के येते आणि दिसते छान. पण त्या रेघेला खंड माहीत नाही. खंडामुळे झालेली वाढ ती मंद शिकण्याच्या खात्यात टाकते, आणि मग खंड न पडणाऱ्या ऑर्डरीचाही अंदाज महाग निघतो. आम्ही पहिल्या पाच लॉटची रेघ तशीच ठेवली आणि तिच्या तक्त्यात आणखी दोन रकाने घातले: आधीचा लॉट संपल्यापासून हा सुरू होईपर्यंत गेलेले दिवस, आणि हा लॉट रेघेवर किती नग मागे पडला.

त्या दुसऱ्या रकान्यात सध्या दोनच आकडे आहेत, ३० आणि १७. तेवढ्यावर खंडाचं सूत्र बसवता येत नाही, म्हणून पुढच्या कोटेशनमध्ये मी अट घातली: मधे तीन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला तर पहिल्या वीस नगांचे तास पुन्हा ठरवले जातील.